ओटीत लाईट गेली, आता मॅनेजमेंटला मेल काय लिहायचा? मेंटेनन्सवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

आमच्या हॉस्पिटलमध्ये ऑपरेशन चालू असताना ओटी अंधारात गेली होती आणि मेंटेनन्स हेड म्हणून त्याचा मेल मलाच लिहावा लागला. तेव्हापासून दुसऱ्या हॉस्पिटलचे लोक फोन करतात, बहुतेक रात्री उशिरा, आणि आवाजावरूनच कळतं की यांच्याकडेही काहीतरी झालंय. प्रश्न साधारण तेच असतात म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतोय.

आधी सांगा, तुमच्याकडे नेमकं झालं काय होतं?

आमचं ट्रस्टचं हॉस्पिटल आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी, दोन ओटी. मे महिना, वळवाचा पाऊस, वारा सुटलेला, आणि रात्री ९ वाजून ४१ मिनिटांनी बाहेरची लाईन गेली. ओटी २ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशयाचं ऑपरेशन चालू होतं.

लाईन गेली की आमच्याकडे ओटीचा लाईट, दुर्बिणीचा मॉनिटर, कॉटरी हे सगळं यूपीएसवर राहतं, आणि १० ते १५ सेकंदांत जनरेटर आपोआप चालू होऊन पूर्ण लोड घेतो. म्हणजे यूपीएसचं काम फक्त मधली फट भरायचं. त्या रात्री जनरेटरने तीनदा स्टार्टर मारला आणि चालू झालाच नाही, तीन वेळा झालं की कंट्रोलर लॉक होतो, मग तो परत आपोआप प्रयत्न करत नाही, कोणीतरी जाऊन रिसेट करावं लागतं. तोपर्यंत ओटीत कोणालाच काही कळलेलं नव्हतं कारण तिथे यूपीएसमुळे लाईट चालूच होती. यूपीएस ३० मिनिटांचा म्हणून घेतलेला, तो ६ मिनिटांत बंद पडला. ९:४७ ला ओटी अंधारात. ॲनेस्थेशिया मशीनला स्वतःची बॅटरी असते म्हणून ते चालत राहिलं, ऑक्सिजन सिलेंडरच्या प्रेशरवर येतो त्याला विजेची गरज नसते, पण दुर्बिणीचा मॉनिटर, लाईट सोर्स, कॉटरी सगळं बंद. सेंट्रल सक्शनचा पंप तर यूपीएसवर नव्हताच, टाकीत जेवढा व्हॅक्यूम शिल्लक होता तेवढा संपला आणि सिस्टरनी पायाने चालवायचं सक्शन मशीन काढलं. टॉर्च आणि मोबाईलच्या उजेडात सर्जननी हत्यारं सुरक्षित बाहेर घेतली आणि थांबले.

आमच्या वायरमनने ॲम्ब्युलन्स जनरेटरजवळ आणून जंप केबल लावली आणि ९:५५ ला जनरेटर चालू झाला. म्हणजे ८ मिनिटं अंधार. पेशंट सुखरूप आहे, ऑपरेशन पुढे पूर्ण झालं. पण ती ८ मिनिटं मी अजून विसरलेलो नाही.

मेल लगेच टाकायचा की कारण कळल्यावर?

दोन मेल टाकायचे. माझं हे ठाम मत आहे.

पहिला त्याच रात्री, तीन-चार ओळींचा, त्यात कारण अजिबात लिहायचं नाही. कारण त्या रात्री तुम्हाला कारण माहीत नसतं, माहीत आहे असं फक्त वाटत असतं. मला त्या रात्री शंभर टक्के वाटत होतं की डिझेलच्या लाईनमध्ये हवा गेली असणार, तसं लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी खोटा पडलो असतो आणि मग पुढच्या खऱ्या गोष्टीवरही कोणी विश्वास ठेवला नसता. आणि अजिबातच मेल नाही टाकला तर सकाळी ॲडमिनिस्ट्रेटर मॅडमना ही गोष्ट सर्जनकडून किंवा पेशंटच्या नातेवाईकांकडून कळते, ते त्याहून वाईट.

माझा पहिला मेल रात्री ११:२० चा, हा असा होता:

> विषय: ओटी २ वीजपुरवठा खंडित, आज रात्री ९:४७ ते ९:५५
>
> मॅडम, आज रात्री ९:४१ ला बाहेरची लाईन गेली. जनरेटर आपोआप चालू झाला नाही. यूपीएस ९:४७ ला बंद पडला आणि ओटी २ चा पुरवठा ९:५५ पर्यंत बंद होता. त्या वेळी ऑपरेशन चालू होतं. जनरेटर बाहेरून बॅटरी जोडून चालू केला. लाईन १०:५० ला परत आली, तरी जनरेटर मुद्दाम चालू ठेवला आहे आणि वायरमन रात्रभर तिथेच थांबणार आहे.
>
> जनरेटर आपोआप चालू होईल याची खात्री मी आत्ता देऊ शकत नाही. यूपीएसचा बॅकअपही धरू नये. मी सकाळी स्वतः लेखी कळवेपर्यंत ठरवून करायची ऑपरेशन्स घेऊ नयेत अशी विनंती आहे. कारण तपासतो आहोत, तीन दिवसांत सविस्तर कळवतो.

यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ "खात्री मी आत्ता देऊ शकत नाही" ही आहे. बाकी सगळं झालेल्या गोष्टीबद्दल आहे, ही एकच ओळ उद्या सकाळच्या पेशंटबद्दल आहे. बरेच जण हीच लिहायला घाबरतात, वाटतं आपली नामुष्की होईल. पण सकाळी ८ ला ओटीच्या लिस्टवर तीन पेशंट होते आणि उपाशी पोटी बसवलेले, त्यांना टेबलवर घ्यायचं की नाही हे ठरवायला मॅनेजमेंटला ही माहिती रात्रीच हवी होती.

वेळा लिहिताना गोंधळ होतो, प्रत्येक ठिकाणी वेगळी वेळ दिसते. कुठली धरायची?

हा प्रश्न कोणी विचारला की मला बरं वाटतं, कारण बहुतेकांच्या हे लक्षातच येत नाही आणि इथेच पूर्ण मेल चुकीचा जातो.

आमच्या जनरेटरच्या कंट्रोलरमध्ये हे दिसत होतं:

```
21:34:06  MAINS FAIL
21:34:11  CRANK 1
21:34:26  CRANK 2
21:34:41  CRANK 3
21:34:46  FAIL TO START
```

आणि यूपीएसच्या लॉगमध्ये हे:

```
21:45:05  ON BATTERY
21:49:40  BATTERY LOW
21:51:12  OUTPUT OFF
```

आता हे दोन्ही शेजारी ठेवून वाचा. असं वाटतं की जनरेटर ९:३४ लाच फेल झाला होता आणि ९:४५ ला यूपीएस बॅटरीवर गेला, म्हणजे मेंटेनन्सवाले ११ मिनिटं झोपले होते. आमच्या एका ट्रस्टी साहेबांनी अगदी हेच विचारलं, आणि त्यांची काही चूक नाही, कागद तेच सांगत होता.

खरी गोष्ट अशी की जनरेटरचं घड्याळ ७ मिनिटं मागे होतं आणि यूपीएसचं ४ मिनिटं पुढे. मी काय केलं, तर त्याच रात्री, कोणीही काहीही सेट करायच्या आधी, प्रत्येक स्क्रीनसमोर माझा मोबाईल धरला आणि दोन्ही वेळा एकाच फोटोत येतील असा फोटो काढला. मोबाईलची वेळ नेटवर्कवरून येते म्हणून ती खरी धरली. मग जनरेटरच्या प्रत्येक वेळेत ७ मिनिटं मिळवली, यूपीएसच्या वेळेतून ४ वजा केली, आणि दोन्हीकडे लाईन जायची वेळ ९:४१ च आली. दोन वेगळ्या मशीनची वेळ अशी एका जागी जुळली की समजायचं फरक बरोबर काढलाय. ओटीतलं भिंतीवरचं घड्याळ, सीसीटीव्ही, ॲनेस्थेशियाच्या चार्टवरची वेळ, सगळ्यांचा फरक असाच काढा. आणि मेलमध्ये एका ओळीत लिहा की सगळ्या वेळा मोबाईलप्रमाणे दुरुस्त केल्या आहेत, फोटो सोबत आहेत.

एक गोष्ट विसरू नका, आधी फोटो मग घड्याळ दुरुस्ती. आमच्या सर्व्हिसवाल्या मुलाने दुसऱ्या दिवशी चांगल्या मनाने यूपीएसचं घड्याळ बरोबर लावलं, फोटो नसता तर तो ४ मिनिटांचा फरक कधीच कळला नसता.

पेशंटबद्दल किती लिहायचं?

काहीच नाही. "त्या वेळी ऑपरेशन चालू होतं" एवढं पुरे. पेशंटचं नाव नको, आयपीडी नंबर नको, काय त्रास झाला किंवा नाही झाला हेही आपण नाही लिहायचं, ते सर्जन आणि भूलतज्ज्ञ त्यांच्या नोंदीत लिहितील. "पेशंटला काहीही झालेलं नाही" हे वाक्य लिहायचा खूप मोह होतो, मलाही झाला होता. पण ते सांगायचा अधिकार आपला नाही.

कारण कसं लिहायचं? "बॅटरी खराब झाली" एवढं पुरत नाही का?

नाही पुरत. बॅटरी खराब झाली हे कळलं पण ती खराब झालेली आपल्याला आधी का नाही कळली, हे जोपर्यंत लिहिलं जात नाही तोपर्यंत नवीन बॅटरी आणून दोन वर्षांनी परत तेच होणार.

आमच्या १२५ केव्हीएच्या जनरेटरला १२ व्होल्टची स्टार्टिंग बॅटरी आहे. पॅनेलमध्ये एक छोटा चार्जर असतो जो ती कायम भरलेली ठेवतो. चार्जर चालू असेल तर बॅटरीवर साधारण साडेतेरा व्होल्ट दिसायला पाहिजेत. आता आमच्या रजिस्टरमधल्या लागोपाठच्या चार शनिवारच्या नोंदी बघा: १३.६, १३.६, १२.५, १२.४. चारही नोंदींपुढे "ओके" लिहिलेलं, सही केलेली, आणि त्या पानावर खाली माझी पण सही.

१२.४ हा आकडा बघून कोणालाही वाटेल की १२ ची बॅटरी आहे, १२ च्या वर दाखवतेय, झालं. पण चार्जर चालू असताना १२.४ दिसणं म्हणजे चार्जर चालूच नाही. आम्ही उघडून बघितला तर आतला फ्यूज उडालेला होता, तिसऱ्या शनिवारच्या आधीच कधीतरी. कंट्रोलर स्वतः त्याच बॅटरीवर चालतो, चोवीस तास थोडी थोडी खातो, आणि शनिवारी आपण जनरेटर दहा मिनिटं चालवतो त्यात जेमतेम स्टार्टरने खाल्लेलं भरून निघतं. म्हणून शनिवारी सकाळी जनरेटर चालू झाला आणि बुधवारी रात्री नाही झाला.

दुसरी गोष्ट म्हणजे बॅटरी चार वर्षांची होती. जुनी बॅटरी नुसती ठेवली तर व्होल्टेज चांगलं दाखवते, स्टार्टर मारला की कोसळते. दुसऱ्या दिवशी आम्ही मीटर लावून स्टार्टर मारला तर १२.३ वरून सरळ ६ च्या आसपास आली. चांगली बॅटरी त्या वेळी साडेनऊच्या खाली जायला नको. वायरमन सांगत होता की त्या रात्री फक्त कट-कट आवाज येत होता, इंजिन फिरतच नव्हतं, तो आवाज म्हणजे हेच. डिझेलचा प्रॉब्लेम असता तर इंजिन फिरलं असतं पण पेटलं नसतं. हा फरक त्या रात्री मी फोनवर नीट विचारला असता तर डिझेलच्या मागे लागलोच नसतो.

म्हणून मेलमध्ये मी कारण असं लिहिलं: चार्जरचा फ्यूज गेला, त्याने बॅटरी उतरली, आणि आमच्या साप्ताहिक तपासणीत ते आकड्यांत दिसत असूनही पकडलं गेलं नाही कारण रजिस्टरमध्ये किती व्होल्ट असायला हवेत हा कॉलमच नव्हता.

आणि यूपीएस? ३० मिनिटांचा होता ना?

घेतला तेव्हा होता. यूपीएसचा वेळ हा कायमचा आकडा नसतो, तो लोडवर आणि बॅटरीच्या तब्येतीवर ठरतो. घेतला तेव्हा त्यावर साधारण ८ केव्हीए लोड होता, नंतर दुसऱ्या ओटीचं दुर्बिणीचं पूर्ण युनिट त्यावर आलं आणि त्या रात्री १३ होता. लोड दीडपट झाला की वेळ दीडपटीपेक्षा जास्त कमी होतो, लेड ॲसिड बॅटरी जोरात उपसली की पूर्ण देत नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळी होती. आतमध्ये १२ व्होल्टच्या ३० बॅटऱ्या एका माळेत जोडलेल्या आहेत, एक मणी तुटला की माळ गेली तसंच इथे. तपासलं तेव्हा चार्जिंगवर सगळ्या सारख्याच दिसत होत्या, लोड टाकल्यावर मिनिटभरात ७ नंबरची आणि १९ नंबरची १० च्या खाली गेल्या. बाकी अठ्ठावीस ठीक असूनही काही उपयोग नाही, माळेचं एकूण व्होल्टेज पडलं की यूपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो.

त्या दोन का गेल्या तर यूपीएसच्या खोलीत ३६ डिग्री होते. या बॅटऱ्या २५ डिग्री धरून बनवतात, आणि आमच्या लाईनमध्ये सगळे हा हिशोब धरतात की दर १० डिग्रीला आयुष्य साधारण अर्धं होतं. ७ आणि १९ दोन्ही सगळ्यात वरच्या फळीवर होत्या, जिथे गरम हवा साठते.

खोलीचा एसी मॅनेजमेंटनेच बंद करायला सांगितला असेल तर ते लिहायचं का?

आमच्याकडे अगदी असंच होतं. दोन वर्षांपूर्वी बिल कमी करायच्या मीटिंगमध्ये ठरलं की यूपीएसच्या खोलीचा एसी रात्री बंद ठेवायचा. लिहायचं, नक्की लिहायचं, पण पूर्ण लिहायचं. त्या मीटिंगला मीही होतो आणि मी तिथे विरोध केला नव्हता, बॅटरीचं आयुष्य कमी होईल हे मी लेखी दिलं नव्हतं. तेही लिहिलं. "एसी बंद ठेवायचा निर्णय अमुक मीटिंगमध्ये झाला, त्या वेळी बॅटरीवरचा परिणाम माझ्याकडून मांडला गेला नाही." हे वाक्य वाचून मॅडमनी मला फोन केला आणि म्हणाल्या, एसी आजपासून चालू करा. जर मी फक्त पहिला अर्धा भाग लिहिला असता तर तो मेल निर्णय घेणाऱ्यांवर आरोप झाला असता, आणि आरोपाला उत्तर येतं, एसी चालू होत नाही.

वायरमनची चूक असेल तर त्याचं नाव द्यायचं का?

मी नाही दिलं. "ड्युटीवरील वायरमन" असं लिहिलं. त्याने ९:४३ ला जनरेटर गाठला, किल्लीने दोन-तीनदा प्रयत्न केला, ९:४४ ला मला फोन केला, आणि जंप केबलसाठी ॲम्ब्युलन्स बोलावली. भर पावसात, एकट्याने. एक गोष्ट राहिली, ओटीला फोन करायची.

ही पूर्ण घटनेतली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट आहे. जनरेटर ९:४१:४६ ला लॉक झाला. ओटीला निरोप गेला ९:४६ ला, हेल्परने फोन केला तेव्हा. यूपीएस गेला ९:४७ ला. म्हणजे सर्जनच्या हातात ६ मिनिटं होती, त्यातली पाच त्यांना माहीतच नव्हती. लाईट चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे असंच त्यांना वाटणार ना. त्या पाच मिनिटांत ते सावकाश, उजेडात, सुरक्षित जागी थांबू शकले असते. जनरेटर चालू नाही झाला हे मशीनचं अपयश आहे, पण ती पाच मिनिटं गेली कारण आमच्याकडे नियमच नव्हता की आधी कोणाला फोन करायचा. नियम नव्हता तर वायरमनची चूक कशी म्हणणार? नियम बनवायचं काम माझं होतं.

दुसरा मेल पूर्ण बघायला मिळेल का?

हो, हॉस्पिटलची ओळख आणि इतर उत्तरांत सांगितलेली वाक्यं काढून देतो. शनिवारी सकाळी पाठवला, म्हणजे तिसऱ्या दिवशी.

> विषय: ओटी २ वीजपुरवठा खंडित (बुधवार रात्र): कारणं आणि मागणी
>
> मॅडम, बुधवारच्या मेलला धरून सविस्तर कळवतो. सगळ्या वेळा मोबाईलप्रमाणे दुरुस्त केल्या आहेत, घड्याळांचे फोटो सोबत आहेत.
>
> ९:४१ लाईन गेली, यूपीएसने लोड घेतला, जनरेटरचे तीन प्रयत्न ९:४२ च्या आत फेल. ९:४३ ड्युटीवरील वायरमन जनरेटरवर. ९:४६ ओटीला फोन. ९:४७ यूपीएस बंद. ९:५५ जनरेटर चालू, ओटीचा पुरवठा सुरू. १०:५० लाईन परत.
>
> तपासून खात्री झालेलं: जनरेटरच्या बॅटरी चार्जरचा फ्यूज उडालेला होता. स्टार्टर मारताना बॅटरी ६ व्होल्टच्या आसपास पडते. यूपीएसच्या ३० पैकी २ बॅटऱ्या लोड घेत नाहीत. यूपीएस खोलीचं तापमान ३६ डिग्री.
>
> अजून खात्री नसलेलं: चार्जरचा फ्यूज का उडाला. सर्व्हिस इंजिनिअर सोमवारी येणार आहे.
>
> आमच्या तपासणीतली त्रुटी: रजिस्टरमध्ये सलग दोन आठवडे व्होल्टेज कमी दिसत होतं आणि ओके शेरा दिला गेला. त्या पानावर माझी सही आहे. तपासणीची पद्धत मी ठरवलेली आहे, त्यामुळे त्याची जबाबदारी माझी. जनरेटर फेल झाल्यावर ओटीला कोणी कळवायचं हे ठरलेलं नव्हतं, तेही माझ्याकडून राहिलं.
>
> आजपर्यंत केलेलं: नवीन स्टार्टिंग बॅटरी आणि नवीन चार्जर गुरुवारी बसवला, त्यानंतर मेन स्विच पाडून पाच वेळा चाचणी घेतली, पाचही वेळा १२ सेकंदांच्या आत लोड घेतला. त्या आधारावर ओटी १ शुक्रवारी सुरू झाली. ओटी २ यूपीएसच्या बॅटऱ्या बदलेपर्यंत बंद ठेवावी असं माझं मत आहे.
>
> मंजुरी हवी आहे: यूपीएसच्या ३० बॅटऱ्या (कोटेशन सोबत), ओटीच्या लाईटला स्वतंत्र बॅटरी युनिट, आणि जनरेटर फेल झाला की ओटीच्या कॉरिडॉरमध्ये वाजणारा हूटर.

दोनच बॅटऱ्या खराब होत्या तर ३० का मागितल्या?

मॅडमनी पण हेच विचारलं. चार वर्षांच्या माळेत दोन नव्या घातल्या तर चार्जिंग सगळ्यांना सारखं होत नाही, नव्या जुन्यांच्या मानाने वेगळ्या वागतात आणि लवकर बिघडतात, शिवाय बाकी अठ्ठावीस त्याच गरम खोलीत चार वर्षं होत्या. पैसे नसतील तर तात्पुरत्या दोन बदला, पण मेलमध्ये "तात्पुरतं" हा शब्द आणि तारीख टाका.

मागणीत एवढ्या तीनच गोष्टी? नवीन जनरेटर का नाही मागितला?

कारण जनरेटर चांगला आहे, त्याची बॅटरी गेली होती. काही जण अशा वेळी सगळी जुनी यादी काढून जोडतात, नवीन ट्रान्सफॉर्मर, नवीन पॅनेल, भिंतीचा रंग. मग मॅनेजमेंटला वाटतं की हा प्रसंगाचा फायदा घेतोय, आणि ते चुकीचं वाटत नाही. ज्या गोष्टीने त्या रात्रीच्या ८ मिनिटांत फरक पडला असता तेवढीच मागा. हूटर ही त्यातली सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, आणि तो असता तर ती पाच मिनिटं वाचली असती.

मेलमध्ये स्टँडर्ड किंवा नियमांचे नंबर टाकावेत का?

एखादाच, जिथे मागणीला आधार लागतो तिथे. मी आयईसी ६०३६४ या वायरिंगच्या आंतरराष्ट्रीय स्टँडर्डच्या ७१० व्या भागातली एकच गोष्ट घेतली, ओटीच्या लाईटचा पुरवठा अर्ध्या सेकंदात परत यायला पाहिजे, म्हणजे जनरेटर कितीही चांगला असला तरी एकटा पुरत नाही, लाईटला बॅटरीच लागते. आणि एनएबीएचचं दर्जाचं मानांकन असलेल्या हॉस्पिटलला पर्यायी वीज नुसती असून चालत नाही, तिची चाचणी घेतल्याचं दाखवावं लागतं. दहा कलमं चिकटवलीत तर वाचणारा पहिल्याच पानावर सोडून देतो.

सीसीमध्ये कोण?

वैद्यकीय अधीक्षक, भूल विभागाचे प्रमुख, ओटीच्या इन्चार्ज सिस्टर, बायोमेडिकल इंजिनिअर. सिस्टरना बरेच जण विसरतात. मला ९:४६ ची वेळ सिस्टरनीच दिली, त्यांच्या लँडलाईनजवळच्या वहीतून. मेल पाठवायच्या आधी त्यांना वाचून दाखवा, "सिस्टर, तुमच्याकडे असंच झालं ना?" एवढं विचारा. व्हॉट्सॲप ग्रुपवर हा मेल टाकू नका.

रिप्लाय आलाच नाही तर?

पहिल्या मेलला रिप्लायची वाट बघायची नाही, फोनच करायचा, रात्री कितीही वाजले असले तरी. दुसऱ्याला मी आठ दिवस थांबलो. मग त्याच मेलवर एक ओळ टाकली, "ओटी २ अजून बंद आहे, यूपीएसच्या मंजुरीची वाट बघतो आहे." ओटी बंद आहे ही ओळ कोणालाही पुढे ढकलता येत नाही. आमच्या बॅटऱ्या अकराव्या दिवशी आल्या. ओटी लाईटचं युनिट यायला जास्त वेळ लागला, पण आलं. हूटर आम्हीच दुपारी बसून लावला.

तुम्ही आता जनरेटरची बॅटरी कशी तपासता, स्टेप सांगाल का?

दर शनिवारी, दोन माणसं. एक मीटरवर, एक पॅनेलवर. मीटर असा पाहिजे जो सगळ्यात कमी आलेला आकडा धरून ठेवतो, कारण स्टार्टर दोन-तीन सेकंदच चालतो आणि तेवढ्यात डोळ्याने वाचता येत नाही.

पहिल्यांदा चार्जर चालू असताना बॅटरीच्या टर्मिनलवर वाचायचं, केबलच्या टोकावर नाही, थेट टर्मिनलवर. साडेतेराच्या आसपास नसेल तर तिथेच थांबायचं आणि चार्जर बघायचा. मग चार्जर बंद करून तासभर सोडायचं आणि परत वाचायचं, १२.६ च्या आसपास पाहिजे. चार्जर बंदच ठेवून जनरेटर चालू करायचा आणि सगळ्यात कमी आलेला आकडा लिहायचा. साडेनऊच्या खाली गेला तर आम्ही बॅटरी बदलतो, पुढच्या शनिवारची वाट बघत नाही. रजिस्टरमध्ये आता प्रत्येक आकड्याच्या शेजारी किती असायला हवा ते छापलेलं आहे, ओकेचा कॉलम काढून टाकला.

आणि शेवटी चार्जर परत चालू करायचा, सिलेक्टर स्विच ऑटोवर आणायचा, आणि दोन्ही दिसतील असा फोटो काढून मला पाठवायचा. तपासणी झाल्यावर स्विच मॅन्युअलवर राहिला तर बॅटरी कितीही नवीन असली तरी लाईन गेल्यावर जनरेटर चालू होणार नाही. मागच्या शनिवारचा फोटो आत्ता माझ्या फोनमध्ये आहे, ११:०८ चा.